थोरली ओळ कोणाची? सामाजिक स्तरीकरणाकडे बघण्याच्या दोन नजरा

महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहाराची बातमी अधूनमधून पेपरात येते आणि दोन दिवस चर्चा होते. ही जमीन मुळात कोणाची, ती विकता का येत नाही, 'वतन' म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. गप्प बसण्यासारखं त्यात काही नाही. वतन म्हणजे गावाचं ठरलेलं काम पिढ्यान्‌पिढ्या करण्याच्या बदल्यात मिळणारी जमीन आणि हक्क. ही व्यवस्था कशी चालायची हे पाहिलं तर समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्नही सुटायला लागतो. तो प्रश्न असा: सामाजिक स्तरीकरणाच्या प्रकार्यवादी आणि संघर्षवादी दृष्टिकोनांची तुलना करा.

बरीच वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं तपासतोय. बहुतेक उत्तरांचा साचा एकच असतो. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे प्रकार्यवादी डेव्हिस आणि मूर, उजवीकडे संघर्षवादी मार्क्स आणि शेवटी 'दोन्ही दृष्टिकोन आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत' हे वाक्य. अशी उत्तरं पास होतात, पण त्यात तुलना होत नाही. दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बोलत राहावीत, तसं ते होतं. तुलना करायची तर दोघांनाही एकाच गोष्टीसमोर उभं करून एकच प्रश्न विचारावा लागतो.

एका विद्यार्थिनीने निबंधात बारा बलुतेदारांचं उदाहरण दिलं होतं. तिने लिहिलं होतं, 'गावात प्रत्येकाला काम होतं आणि प्रत्येकाला त्याचा वाटा मिळत होता, म्हणून बलुतेदारी हे प्रकार्यवादाचं उत्तम उदाहरण आहे.' मी तिला बोलावून विचारलं, "वाटा मिळत होता, बरोबर. पण सगळ्यात मोठा वाटा कोणाचा होता?" ती म्हणाली, "सर, भटजींचा असणार ना?" तो भटजींचा नव्हता, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी शब्द समजून घेऊ

कोकणात उतरताना घाटाचा कापलेला कडा दिसतो. काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेले असतात. स्तरीकरण हा शब्द तिथूनच, भूगर्भशास्त्रातून आला आहे. समाजात माणसं वेगवेगळी असतात, एक शिवणकाम करतो, दुसरा शेती करतो. हा नुसता फरक झाला. पण शिवणाऱ्याने खुर्चीवर बसायचं आणि शेतकऱ्याने खाली जमिनीवर असं ठरलं, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं आणि तेच योग्य असं लोकांना वाटू लागलं, की त्या फरकाचा थर होतो. हे थर पैसा, मान आणि सत्ता यांच्या असमान वाटपातून बनतात. प्रश्न इतकाच आहे की असे थर का पडतात आणि पडल्यावर का टिकतात.

मांडवातला आचारी: प्रकार्यवादी काय म्हणतात

किंग्सले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९४५ साली एक छोटा निबंध लिहिला. आजही हा वाद त्याच्याच भोवती फिरतो. त्यांचं म्हणणं लग्नाच्या मांडवात नेऊन बघू.

पाचशे पानांचं जेवण आहे. वाढपी नसतील तर पंगत उठणार नाही, म्हणजे वाढप्याचं काम महत्त्वाचं आहेच. पण एक वाढपी आला नाही तर नवरीचा मामेभाऊ कमरेला टॉवेल बांधून उभा राहतो आणि काम भागतं. आचारी आला नाही तर काय? पाचशे माणसांच्या मसालेभाताचा अंदाज घरातल्या कोणालाही नसतो. तो हात बसायला दहा वर्षं लागतात. म्हणून आचाऱ्याला जास्त पैसे मिळतात, त्याचं बोलणं ऐकलं जातं आणि यजमान स्वतः त्याला चहा नेऊन देतो.

डेव्हिस आणि मूर म्हणतात की समाजाचंही असंच आहे. काही जागा समाजासाठी अधिक महत्त्वाच्या असतात आणि त्या भरायला लागणारं शिक्षण किंवा गुण थोड्यांकडेच असतात. अशा जागांसाठी लायक माणसांनी वर्षानुवर्षं कष्ट घ्यावेत, म्हणून समाज तिथे जास्त मोबदला ठेवतो. हे कोणी बसून ठरवलेलं नसतं, नकळत घडत गेलेलं असतं. मोबदला म्हणजे नुसता पैसा नव्हे, त्यात मानही आला. थोडक्यात, विषमता समाजाच्या उपयोगाची असते, म्हणून ती सगळीकडे सापडते. समाजातली एखादी गोष्ट समाज चालायला काय हातभार लावते, त्याला तिचं 'प्रकार्य' म्हणतात. प्रकार्यवाद हे नाव त्यावरून आलं.

यातला एक बारकावा विद्यार्थी हमखास सोडतात. त्यांच्या मांडणीत महत्त्व आणि दुर्मिळता अशा दोन अटी आहेत. काम कितीही महत्त्वाचं असलं तरी माणसं सहज मिळत असतील तर मोबदला वाढायचं कारण नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. पुढे एका आक्षेपाच्या वेळी हे उपयोगी पडेल.

ठेकेदार कुठे आहे: संघर्षवादी काय विचारतात

त्याच मांडवात आणखी एक माणूस आहे. तो भाजत नाही, तळत नाही, वाढतही नाही. पातेली, शेगड्या आणि ताटं त्याच्या मालकीची आहेत आणि कार्यालयवाल्याशी त्याची ओळख आहे. रात्री हिशेब झाला की सगळ्यात मोठी रक्कम त्याच्या खिशात जाते. संघर्षवादी नजर आधी त्याच्याकडे वळते.

कार्ल मार्क्सच्या मते थर पडतात ते मालकीमुळे. उत्पादनाची साधनं ज्यांच्या हातात असतात त्यांना इतरांच्या श्रमाचं फळ घेता येतं आणि ही व्यवस्था योग्यच आहे असं सांगणारे विचारही त्यांच्याच सोयीने पसरतात. त्यामुळे संघर्षवादी 'ही विषमता समाजाच्या काय उपयोगाची' असं विचारत नाही. समाजातल्या नेमक्या कोणाच्या उपयोगाची, असं तो विचारतो.

मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने त्यात महत्त्वाची भर घातली. पैसा, मान आणि सत्ता या तीन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतात, पण एक नसतात. एखाद्याकडे पैसा असून मान नसतो, दुसऱ्याकडे मान असून घरात दाणे नसतात. महाराष्ट्राचं गाव समजून घ्यायला मला मार्क्सपेक्षा वेबरची ही फोड अधिक कामाची वाटते. का, ते आता खळ्यावर जाऊन बघू.

खळ्यावरची तीन ओळींची वाटणी

बलुतं म्हणजे गावाचं वर्षभर काम करणाऱ्या कारागिराला आणि सेवकाला सुगीच्या वेळी शेतकऱ्याने द्यायचा धान्याचा किंवा पेंढ्यांचा हक्काचा वाटा. एकोणिसाव्या शतकात नोंदलेल्या याद्यांमध्ये बारा बलुतेदार तीन ओळींत मांडलेले सापडतात. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार आणि मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी. धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. गावागावांप्रमाणे यादी बदलते. कुठे चांभार वरच्या ओळीत असतो, कुठे सोनार किंवा जोशी दिसतो. पण तीन ओळींची तऱ्हा सगळीकडची ओळखीची आहे, आणि थोरल्या ओळीचा वाटा सर्वांत मोठा असे.

ही यादी सावकाश वाचावी. नांगर आणि पाभर करणारा सुतार, फाळ पाजवणारा लोहार, नाडा-सोल वळणारा मांग, हे थोरल्या ओळीत. त्यांच्याशिवाय शेती एक हंगामही चालत नाही. महारही त्याच ओळीत. शिवेच्या वादात साक्ष द्यायची, सारा पोचवायचा, निरोप न्यायचे, रात्री गस्त घालायची, मेलेली जनावरं ओढायची ही सगळी कामं त्याची. शेतीला आणि गावाच्या कारभाराला ज्याची गरज जास्त, त्याचं धान्य जास्त. इथपर्यंत डेव्हिस आणि मूर यांना आनंद व्हावा, कारण महत्त्वानुसार मोबदला हेच तर त्यांचं सूत्र आहे.

पण मानाची यादी वेगळी होती आणि ती जवळजवळ उलटी होती. धान्याच्या धाकट्या ओळीतला भट मानात सगळ्यांच्या वर, आणि थोरल्या ओळीतले महार-मांग गावकुसाबाहेर.

माझी आजी शेतकऱ्याच्या घरातली. तिने लहानपणी पाहिलेलं खळं ती सांगायची. रास मापताना भटजी आले की त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली जायची. त्यांचा वाटा लहान, पण तो त्यांच्या घरी नेऊन दिला जायचा. महाराची पेंढी मोठी असायची. ती लांब जमिनीवर टाकली जायची, टाकणारा मागे सरकायचा आणि मगच घेणाऱ्याने पुढे यायचं. "धान्य तेच गं," आजी माझ्या बहिणीला म्हणायची, "पण द्यायची रीत बघ."

'पण धर्माचं कामही महत्त्वाचंच होतं ना?'

प्रकार्यवादी लगेच हे उत्तर देईल आणि ते ऐकून घ्यायला हवं. डेव्हिस आणि मूर यांनी धर्माचा विचार केला होता. सगळ्यांना समान मूल्यांमध्ये बांधून ठेवायचं काम धर्म करतो, म्हणून पुरोहिताला मान मिळतो, असं ते म्हणतात. म्हणजे भटजींना धान्य कमी आणि मान जास्त, हे त्यांच्या मांडणीत बसू शकतं.

जे बसत नाही ते दुसऱ्या टोकाला आहे. एखाद्याला जास्त मान का, याचं उत्तर या सिद्धान्ताकडे आहे. एखाद्याला कमी मान का, याचंही आहे. पण गावाचं इतकं गरजेचं काम करणाऱ्याला अपमान का, याचं उत्तर नाही. कमी मान आणि अपमान यांत मोठं अंतर आहे. वाढप्याला आचाऱ्यापेक्षा कमी पैसे मिळतात, पण त्याची सावली कोणी टाळत नाही. लायक माणसांना ओढून घेण्यासाठी मोबदला असतो असं म्हटलं, तर माणसाला शिवूही न देण्याने समाजाला कोणता लायक माणूस मिळतो?

संघर्षवादी नजरेला इथे दिसतं की अपमान हे एक हत्यार आहे. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला दुकान टाकता येत नव्हतं, विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, दुसरा धंदा धरता येत नव्हता. मग तो बलुत्यावरच राहणार आणि बोलावलं की येणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं. त्यामागचं त्यांचं गाऱ्हाणं अगदी व्यवहारातलं होतं. वतनदार महार सरकारचा नोकर, पण सरकारकडून मिळणारा पगार नाममात्र. पोट भरायचं ते इनामाच्या तुकड्यावर आणि गावाने दिलेल्या बलुत्यावर. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही, आणि पाळीचा माणूस हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याला जुंपायचं. शिवाय बलुतं गावकऱ्यांच्या हातात, त्यामुळे गावाविरुद्ध शब्द काढला की ते बंद करता येई. थोरल्या ओळीचा मोठा वाटा कागदावर हक्क होता. खळ्यावर तो देणाऱ्याच्या मर्जीवर होता.

'सफाई कामगार नसेल तर शहर सडेल, म्हणजे प्रकार्यवाद खोटाच'

हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक निबंधात येतो आणि तो चुकीच्या जागी लागतो. डेव्हिस आणि मूर लगेच म्हणतील, काम महत्त्वाचं आहे हे मान्य, पण त्याला माणसं सहज मिळतात, म्हणून मोबदला कमी. मघाशी सांगितलेली दुसरी अट ती हीच.

म्हणून आक्षेप एक पायरी पुढे न्यायला हवा. माणसं सहज का मिळतात? गटारात उतरायला लोकांची रांग लागते ती हे काम सोपं आहे म्हणून नव्हे. ते काम जिवावर बेतणारं आहे आणि २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. तरी माणसं मिळतात आणि ती बहुतेक ठराविक जातींमधलीच असतात, कारण त्यांच्यासाठी बाकीचे दरवाजे बंद ठेवले गेले. म्हणजे इथली मुबलकता तयार केलेली आहे. दुर्मिळतेचंही तेच. शिक्षण महाग ठेवलं की डॉक्टर दुर्मिळ होतात. मेल्विन ट्यूमिन या अमेरिकन अभ्यासकाने १९५३ साली डेव्हिस-मूर यांना दिलेल्या उत्तराचा गाभा हाच होता. ज्या समाजात थर घट्ट आहेत तिथे खालच्या थरात किती गुण आहेत हे कळतच नाही, कारण ते बाहेर यायची संधीच नसते. मग वर बसलेले सर्वांत लायक आहेत, हे कशावरून ठरवणार?

एक साधी कसोटी मी वर्गात देतो. एकाच रस्त्यावर झाडू मारणारे दोन कामगार बघा, एक कायम आणि एक कंत्राटी. काम तेच, कौशल्य तेच, गावाला गरज तितकीच, तरी पगारात मोठा फरक. प्रकार्यवादाच्या दोन्ही अटी दोघांना सारख्याच लागू आहेत, म्हणजे हा फरक त्यांतून निघत नाही. तो निघतो संघटनेतून, कायद्याच्या संरक्षणातून आणि मध्ये बसलेल्या ठेकेदारातून.

'मग सगळ्यांना सारखाच पगार द्यायचा का?'

ट्यूमिनने असं म्हटलं नव्हतं. त्याचा मुद्दा होता की माणसाला कामाकडे ओढायला मोठा पगार हा एकच मार्ग नाही. कामाचा आनंद आणि समाजासाठी काही केल्याचं समाधान यानेही माणसं ओढली जातात. शिवाय शिक्षणाच्या काळातला 'त्याग' बहुतेकदा आईवडिलांच्या पैशावर होतो आणि त्याची भरपाई पुढच्या पगारातून लवकरच होते, मग ती आयुष्यभर का चालू ठेवायची?

तरी हा आक्षेप पोकळ नाही आणि संघर्षवाद्यांना तो टाळता येत नाही. सोव्हिएत संघाने खाजगी मालकी संपवली. मार्क्सच्या हिशेबाने थर विरायला हवे होते. पण १९३१ मध्ये स्टालिननेच सरसकट सारख्या वेतनावर जाहीर टीका केली, कारण कुशल कामगार टिकत नव्हते. पगारांत फरक आले आणि पक्षाच्या अधिकाऱ्यांना वेगळी दुकानं आणि वेगळ्या सोयी मिळू लागल्या. यातला पहिला भाग प्रकार्यवादाच्या बाजूचा आहे. दुसरा भाग सांगतो की मालकी गेली तरी सत्तेतून नवे थर पडतात.

मार्क्स जिथे अडखळतो ती पायरी

संघर्षवादाची खरी अडचण मात्र आपल्या गावातच दिसते. थोरल्या ओळीत महार आणि मांग शेजारी आहेत. दोघेही गावकुसाबाहेरचे, दोघेही बलुत्यावर अवलंबून. मार्क्सच्या चौकटीत ते एका वर्गाचे आहेत, त्यांनी एकत्र यायला हवं. पण त्यांचे पाणवठे वेगळे होते आणि एकमेकांत लग्नव्यवहार नव्हते.

आंबेडकरांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. इथे फक्त वर आणि खाली असे दोनच गट नाहीत. पायऱ्यांचा जिना आहे, आणि अगदी तळची पायरी सोडली तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे. खाली कोणी आहे म्हटल्यावर पूर्ण जिना पाडायची घाई होत नाही, कारण स्वतःची पायरीही त्यात जाणार असते. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असं त्यांनी १९३६ मध्ये मांडलं. त्या विधानात माझ्या मते दोन्ही सिद्धान्तांना उत्तर आहे. प्रकार्यवादी जिला श्रमविभागणी समजतो तिच्यात माणूस कामासाठी निवडलाच जात नाही. आणि मार्क्सवादी ज्यांना एक श्रमिक वर्ग समजतो ते आधीच कप्प्यांत वाटलेले आहेत.

निबंधात हे कसं उतरवायचं

उभी रेघ काढू नका. एक उदाहरण घ्या आणि दोघांनाही क्रमाने त्याच्यासमोर आणा. पहिला किती समजावतो आणि नेमका कुठे थांबतो ते लिहा, मग दुसऱ्याला तिथूनच पुढे न्या आणि तोही कुठे थांबतो ते सांगा. डेव्हिस-मूर यांच्या दोन्ही अटी लिहा, अर्धी लिहून त्यांना पाडू नका. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत हेही नोंदवा. डेव्हिस-मूर जागांबद्दल बोलतात, म्हणजे अमुक जागेला जास्त का मिळतं. त्या जागेवर कोण पोचतं आणि कोणाला पोचू दिलं जात नाही, हा संघर्षवादाचा प्रश्न आहे. हा फरक दोन वाक्यांत आला तरी परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्याने विचार केलाय.

त्या विद्यार्थिनीने निबंध पुन्हा लिहून आणला. तीन ओळींची यादी तिने जशीच्या तशी उतरवली होती आणि समोर मानाचा क्रम मांडून दोन्हींमध्ये बाण काढले होते. बाण एकमेकांना छेदत होते. खाली तिने एक प्रश्न लिहिला होता: १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली, जमिनी शेतसाऱ्याच्या काही पट रक्कम भरून पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. 'सर, ही अट जमीन वाचवण्यासाठी होती, की पुन्हा कोणाच्या तरी मर्जीवर ठेवण्यासाठी?'

मी समासात लिहिलं, 'तुझ्या तालुक्यात अशा किती जमिनी आज मूळ घराण्यांकडे आहेत ते तहसील कार्यालयात जाऊन बघ.' पुढच्या आठवड्यात ती तिथे जाणार आहे.